‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणण्यापूर्वी : जास्त प्यालेल्या मित्राजवळची रात्र कशी काढावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात गावची यात्रा असो, हळदीची रात्र असो किंवा जांबोटीच्या बाजूला शेतातल्या घरी जमलेली मित्रमंडळी असो, एखाद्याला दारू जास्त झाली की कोणीतरी वडीलधाऱ्या सुरात एक वाक्य हमखास म्हणते : ‘झोपूंदे की त्याला, सकाळपर्यंत उतरतंय.’ त्यानंतर त्या मित्राला आतल्या खोलीत नेऊन चटईवर उताणे झोपवले जाते, दिवा मालवला जातो आणि बाहेर जेवणाच्या पंगती पुढे चालू राहतात. बहुतेक वेळा तो सकाळी उठतो, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून राहिला आहे. परंतु जे उठत नाहीत, त्यांच्यापैकी अनेक जण याच तीन गोष्टींमुळे दगावतात, म्हणजे उताणे झोपवणे, एकटे सोडणे आणि बेशुद्धीला झोप समजणे. या लेखात त्या रात्रीच्या काही तासांपुरतेच बोलायचे आहे. मित्राने दारू सोडावी की नाही, हा विषय दुसऱ्या दिवशीचा आहे.

पडल्यानंतरही नशा वाढत का जाते

प्रथम एक साधे गणित पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम किंवा ब्रँडीमध्ये साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असते. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते आणि हा वेग कॉफीने, ताकाने, थंड पाण्याने किंवा फिरवण्याने वाढत नाही. म्हणजे एका क्वार्टरला सात-आठ तास लागतात, आणि दीड क्वार्टर घेतली असेल तर दहा-अकरा तास.

दुसरी गोष्ट अशी की शेवटचा घोट घेतला त्या क्षणी नशा शिगेला पोहोचलेली नसते. पोटात आणि आतड्यात राहिलेली दारू पुढे अर्धा ते दीड तास, आणि भरल्या पोटी त्याहूनही जास्त वेळ, रक्तात उतरत राहते. साडेअकरा वाजता धड बोलणारा मित्र साडेबारा वाजता हाकेला ओ देईनासा होतो तो याच कारणाने. मधल्या वेळात त्याने एक थेंबही घेतलेला नसतो, आणि बघणाऱ्यांना वाटते की आता पिणे थांबले म्हणजे धोका टळला. घाईघाईत, रिकाम्या पोटी, पैजेवर घेतलेली दारू सर्वांत वाईट ठरते, कारण ती उलटीचा इशारा मिळण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात पोटात गेलेली असते. गोव्याहून चोर्ला घाटाने आणलेली घरगुती काजूची फेणी किती कडक आहे याचा अंदाज चवीवरून येत नाही, म्हणून तिचे पेग व्हिस्कीच्या पेगासारखे मोजून चालत नाहीत.

अल्कोहोल मेंदूला टप्प्याटप्प्याने मंद करते. आधी बोलणे आणि तोल जातो, मग शुद्ध हरपते, आणि मात्रा आणखी वाढली तर घशाचे संरक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया आणि श्वास चालवणारे केंद्र मंदावते. घशात काही आले तर आपल्याला ठसका लागतो, परंतु खूप प्यालेल्या माणसाला तो लागेलच असे नाही. उताण्या माणसाची जीभ सैल पडून मागे सरकते आणि घसा अर्धवट बंद करते, किंवा उलटी वर येते आणि थेट श्वासनलिकेत उतरते. यात आवाज फारसा होत नाही. बाहेरच्या खोलीत बसलेल्यांना काहीच कळत नाही.

झोप आहे की बेशुद्धी, हे कसे ओळखावे

मित्र आडवा झाला की लगेच त्याच्या कानाजवळ मोठ्याने नाव घेऊन हाक मारावी आणि एखादा सोपा प्रश्न विचारावा, जसे की आपण कुठे आहोत. त्याने डोळे उघडले, शिवी हासडली, ‘गप बस की’ म्हणाला, तरी ते चांगले लक्षण आहे. हाकेला प्रतिसाद नसेल तर मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू अंगठा आणि दोन बोटांत धरून जोरात दाबावा. झोपलेला माणूस एवढ्याने हात झटकतो, कण्हतो, डोळे उघडतो. ज्याला असे दाबूनही जाग येत नाही, किंवा जो नुसता किंचित हलून पुन्हा गप होतो, तो झोपलेला नसून बेशुद्ध आहे असे समजावे आणि फोन उचलावा. ‘श्वास चालू आहे ना, मग थांबू या’ असा विचार येथे करू नये, कारण नशा अजून चढत असण्याची शक्यता असते.

हाकेला ओ देत असेल तर श्वास मोजावा. छातीखाली, पोटाच्या वरच्या भागावर तळहात हलकेच ठेवून मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण मंदावलेला श्वास अनियमित असतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो. तो 8 पेक्षा कमी झाला, किंवा दोन श्वासांमध्ये 10 सेकंद किंवा त्याहून अधिक खंड पडू लागला, तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. 9-10 वर आला असेल तर तो कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहण्यासाठी वाट पाहू नये, तेव्हाच फोन करावा.

त्याबरोबर ओठांचा आणि नखांचा रंग टॉर्चच्या उजेडात पाहावा. गोऱ्या माणसात निळसरपणा चटकन दिसतो. सावळ्या माणसात तो ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर आणि नखांवर पाहावा लागतो, आणि तेथे तो राखाडी छटेसारखा दिसतो. अंग थंड आणि चिकट लागणे हेही वाईट लक्षण आहे.

घोरण्याबद्दल येथे थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे ‘मस्त घोरतोय’ हे निश्चिंतपणाचे वाक्य आहे. रोज घोरणारा माणूस दारूवर अधिक घोरेल हे खरे, परंतु घोरण्यात गुरगुर किंवा पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज मिसळला असेल, किंवा घोरता घोरता मध्येच शांतता पसरून मग एकदम मोठा आचका येत असेल, तर त्याचा अर्थ वाट अर्धवट बंद झाली आहे असा होतो. त्या क्षणी त्याला कुशीवर वळवून हनुवटी वर करावी आणि आवाज बदलतो का ते ऐकावे.

कुशीवर कसे वळवावे

मित्र शुद्धीवर पण पेंगुळलेला असो किंवा बेशुद्ध पण नीट श्वास घेत असो, त्याला कुशीवर ठेवणे ही आपल्या हातातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. ही पद्धत एकदा दिवसाउजेडी, घरातल्या कोणावर तरी करून पाहावी. रात्री घाबरलेल्या अवस्थेत वाचून करणे अवघड जाते.

खाटेवरून तो पडू शकतो, म्हणून जमिनीवर, चटईवर किंवा सतरंजीवर घ्यावे. चष्मा काढावा, खिशातला मोबाईल, किल्ल्या आणि पाकीट काढून ठेवावे, पट्टा आणि गळ्याजवळचे बटण सैल करावे. तो उताणा असेल तर त्याच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसावे आणि त्याचे दोन्ही पाय सरळ करावेत. आपल्याजवळचा, म्हणजे त्याचा डावा हात, अंगापासून काटकोनात बाहेर घेऊन कोपरात वाकवावा, तळवा वर राहील असा. आता त्याचा उजवा हात छातीवरून आपल्याकडे आणावा आणि त्या हाताची पाठ त्याच्या डाव्या गालाला टेकवून आपल्या एका हाताने तशीच धरून ठेवावी. हा हात सोडायचा नाही, कारण वळताना डोके त्यावरच सांभाळले जाणार आहे.

आपल्या दुसऱ्या हाताने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या किंचित वर धरून वर ओढावा, म्हणजे पाऊल जमिनीवर टेकलेले राहील आणि गुडघा उभा राहील. मग तो गुडघा आपल्याकडे ओढायचा. येथे ताकद लागत नाही. उभा गुडघा एखाद्या दांडीसारखे काम करतो आणि आपल्यापेक्षा वीस किलो जड माणूसही सहज आपल्या दिशेने डाव्या कुशीवर येतो. वळल्यावर वरचा पाय कंबरेत आणि गुडघ्यात काटकोनात वाकलेला ठेवावा, कारण तोच त्याला पालथे पडू देत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. नुसते कुशीवर वळवून काम संपत नाही, डोके मागे झुकवावे लागते. कपाळावर एक हात आणि हनुवटीखाली दोन बोटे ठेवून डोके हळूच मागे न्यावे, आणि तोंडाचा कोपरा जमिनीकडे कललेला ठेवावा, म्हणजे उलटी किंवा लाळ आपोआप बाहेर वाहील. गालाखालचा हात गरजेप्रमाणे सरकवून डोके तसेच टेकवून ठेवावे. प्रेमापोटी कोणी जाड उशी आणून देते, ती घेऊ नये. उंच उशीने हनुवटी छातीला टेकते आणि उघडलेली वाट पुन्हा बंद होते. शेवटी पुन्हा तोंडाजवळ कान नेऊन श्वास ऐकावा आणि पोटावर हात ठेवून तो मोजावा.

उजवी कूस मुळीच चालत नाही असे नाही; भिंत किंवा जागेची अडचण असेल तर आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटे करावे. मात्र गरोदर स्त्री असेल तर डावीच कूस घ्यावी. बराच वेळ थांबावे लागले तर अर्ध्या तासाने कूस बदलावी, म्हणजे खालच्या हातावर दाब राहणार नाही. पाठीमागे गुंडाळलेले घोंगडे किंवा भरलेली सॅक लावली तर तो पुन्हा उताणा होत नाही, परंतु सॅक लावली म्हणजे पहारा संपला असे समजू नये.

वळवताना किंवा नंतर उलटी झाली तर तोंड आणखी खाली करावे आणि जे दिसते तेवढेच बोटाला कापड गुंडाळून पुसून काढावे. न दिसणारे काही काढण्यासाठी घशात बोटे घालू नयेत. त्याने वस्तू आत ढकलली जाते, आणि बेशुद्ध माणूस अचानक दात आवळतो तेव्हा आपलीच बोटे अडकतात.

तो जिन्यावरून किंवा गाडीवरून पडला असेल आणि मानेला मार लागल्याचा संशय असेल तर उगाच हलवू नये, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. मात्र उलटी होऊ लागली किंवा श्वास अडू लागला तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून, त्याला एकाच वेळी कुशीवर घ्यावे. श्वासाची वाट मानेपेक्षा आधी येते.

पहारा म्हणजे नक्की काय

एकाने शुद्धीवर राहून त्याच्याजवळ बसायचे, आणि त्याने त्या रात्री प्यालेली नसेल तर उत्तम. दर दहा मिनिटांनी हाक, श्वास आणि रंग पाहायचा आणि ते मोबाईलमध्ये वेळेसह लिहून ठेवायचे. लिहिणे जड वाटते, परंतु रात्री दोन वाजता थकलेल्या माणसाला ‘मघाशी बरा होता की’ एवढेच आठवते, तर लिहिलेले आकडे तो घसरतो आहे की सावरतो आहे हे स्पष्ट दाखवतात. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम लागले तरी शरीरातली उष्णता निघून जात असते. डिसेंबर-जानेवारीत खानापूरच्या पट्ट्यात म्हणूनच पांघरुणाइतकेच खालचे अंथरूण महत्त्वाचे ठरते. फरशीवर फक्त वरून घोंगडे टाकून उपयोग नाही.

तो पूर्ण जागा असेल, बसून गिळू शकत असेल, तर घोट घोट पाणी द्यावे. पेंगुळलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, मग ते लिंबूपाणी असो, ताक असो किंवा लोणच्याचा खार असो. उलटी काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजणे तर दुहेरी धोक्याचे आहे : उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि जास्त मीठ रक्तातल्या सोडियमचे संतुलन बिघडवते. डोक्यावर बादलीभर पाणी ओतल्याने तो दचकून डोळे उघडतो, एवढ्यावरून नशा उतरली असे वाटते. प्रत्यक्षात अंग थंड पडते आणि ओल्या फरशीवर पडण्याची भर पडते. डोके दुखते म्हणून पॅरासिटामॉल किंवा झोप लागावी म्हणून कोणतीही गोळी त्या रात्री देऊ नये. झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली की श्वास मंदावण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

फोन केव्हा करावा आणि काय सांगावे

जाग येत नसणे, श्वास मंद किंवा खंडित होणे, ओठ निळसर किंवा राखाडी पडणे, झटके येणे, झोपेत उलटी होणे, उलटीत रक्त येणे, डोक्याला मार लागणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तरी 108 किंवा 112 ला फोन करावा. सगळी लक्षणे जमण्याची वाट पाहायची नसते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मित्राच्या बाबतीत आणखी लवकर, कारण दारूने रक्तातली साखर खाली जाऊ शकते आणि साखर उतरलेला माणूस हुबेहूब दारू प्यालेल्या माणसासारखा बरळतो, डोलतो, घामेजतो. घरात साखर मोजण्याचे यंत्र असेल तर लगेच मोजावे. 70 पेक्षा कमी असून तो गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी द्यावे, गिळू शकत नसेल तर काहीही न देता रुग्णवाहिका बोलवावी.

झटके आले तर आपल्याकडे कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, हातात किल्ल्या देणे आणि दातांत चमचा घालणे हे सारे अजून चालते. यातल्या कशानेही झटका थांबत नाही आणि चमच्याने दात मात्र तुटतात. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, वेळ पाहावी, आणि झटका ओसरताच कुशीवर घ्यावे.

फोनवर आपल्या भागात एक वेगळीच अडचण येते. निपाणी, कोगनोळी किंवा चंदगडला लागून असलेल्या गावांत मोबाईल कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, आणि 108 दोन्ही राज्यांत असल्याने फोन पलीकडच्या राज्यात लागण्याची शक्यता असते. म्हणून पहिल्या वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव याच क्रमाने सांगावे. जिल्ह्याचे नाव ‘बेळगावी’ असेच सांगावे. 2014 पासून सरकारी नोंदीत तेच नाव आहे, आणि आपल्या भावना काहीही असल्या तरी मित्र बेशुद्ध असताना नावाचा वाद घालण्याची ही जागा नव्हे. पलीकडचा माणूस कानडी बोलत असेल आणि आपली कानडी बाजारापुरतीच असेल तर दोन तुकडे पुरतात : ‘प्रज्ञे इल्ल’ म्हणजे शुद्ध नाही, आणि ‘उसिराट निधान आगिदे’ म्हणजे श्वास मंद झाला आहे. जवळ कानडी येणारा शेजारी असेल तर फोन त्याच्या हाती देणे सर्वांत बरे.

कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात रेंज जाते-येते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून 112 लागू शकतो, म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसले तरी एकदा लावून पाहावे. फोन लागला की तो ठेवू नये, पलीकडून सूचना मिळत असतात. एका मित्राला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्याच्या फाट्यावर उभे करावे, कारण रुग्णवाहिकेचे चालक शेतवाटांवरच चुकतात.

पोलीस येतील या भीतीने फोन लांबवला जातो. प्रौढ माणसाने घरी बसून दारू पिणे हा कर्नाटकात गुन्हा नाही, आणि रुग्णवाहिका मागवणे हे तक्रार नोंदवणे नव्हे. विषबाधा किंवा अपघात असेल तर दवाखाना पोलिसांना कळवतो, परंतु ती दवाखान्याची नेहमीची कागदपत्रे आहेत, त्यासाठी आपण थांबण्याचे कारण नाही.

एक रात्र, घड्याळासह

हे सगळे एकत्र कसे चालते ते एका कल्पित रात्रीवरून पाहू. जांबोटीजवळ शेतातल्या घरी सहा मित्र जमले आहेत. कोल्हापूरहून आलेल्या एकाने नऊ ते अकराच्या दरम्यान, मटण शिजेपर्यंत रिकाम्या पोटी, दीड क्वार्टर व्हिस्की घेतली, म्हणजे सुमारे 90 ग्रॅम अल्कोहोल. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो उलटी करून आडवा होतो. हाक मारल्यावर ‘जाऊ दे रे’ म्हणतो, श्वास 16. त्याला डाव्या कुशीवर घेतले जाते, जो मित्र प्यालेला नाही तो जवळ बसतो आणि पहिली नोंद करतो. साडेअकराला श्वास 14, हाकेला नुसता हुंकार. अकरा चाळीसला हाकेला काहीच नाही, खांदा दाबल्यावर चेहरा आक्रसतो, डोळे उघडत नाहीत, श्वास 11.

या क्षणी खोलीत दोन मते पडतात. एक जण म्हणतो श्वास अजून बरा आहे, बारापर्यंत बघू. नोंदी मात्र सांगतात की अर्ध्या तासात तो बोलण्यापासून चेहरा आक्रसण्यापर्यंत घसरला आहे, आणि शेवटचा पेग अकराचा असल्याने पोटातली दारू अजून उतरायची आहे. म्हणून अकरा चाळीसलाच 108 लावला जातो. पलीकडे सांगितले जाते : कर्नाटक, बेळगावी जिल्हा, खानापूर तालुका, जांबोटीजवळ; 30 वर्षांचा पुरुष; दारू पिऊन बेशुद्ध; श्वास मिनिटाला 11 आणि कमी होत चाललेला; दीड क्वार्टर, शेवटचा घोट अकराला; मधुमेह नाही, मार लागलेला नाही. दोघे जण मोटरसायकल घेऊन फाट्यावर जातात.

रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असे कळले, तर चारचाकीने निघून वाटेत तिला गाठता येते, मात्र नियंत्रण कक्षाला तसे सांगूनच. मागच्या सीटवर त्याला कुशीवर आडवे घ्यावे आणि एकाने डोक्याशी बसून हनुवटी वर धरून ठेवावी. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. मान पुढे पडून घसा बंद होतो आणि चालवणाऱ्याला मागचा श्वास थांबला तरी कळत नाही. चालवणारा प्यालेला नसावा, हे वेगळे सांगायला नको असे वाटते, पण त्या रात्री तेच विसरले जाते.

मध्येच श्वास थांबला, किंवा माशाने तोंड उघडावे तसे अधूनमधून नुसते आचके येऊ लागले, तर त्यास श्वास समजू नये. त्याला उताणे घेऊन छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळव्याच्या टाचेवर दुसरा तळवा ठेवून 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. शिकलेल्याने 30 दाबांनंतर 2 श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा, कारण थकलेल्या हातांचे दाब उथळ होतात आणि स्वतःला ते जाणवत नाही.

दवाखान्यात काय करतात हेही माहीत असावे, म्हणजे ‘एक सलाईन लावा, उतरेल’ असा आग्रह होत नाही. सलाईनने दारू उतरत नाही. डॉक्टर श्वासाची वाट सांभाळतात, प्राणवायू देतात, साखर तपासतात, अंग गरम ठेवतात, डोक्याच्या माराचा संशय असल्यास स्कॅन करतात, आणि यकृताला त्याचे काम करू देतात. आपण बरोबर न्यायच्या गोष्टी दोन : नोंदी असलेला मोबाईल आणि प्यालेली बाटली.

दुसरा दिवस

पहाटे पाचला तो नीट उठला, नाव सांगितले, पाणी प्याला, तर पहारा सैल करता येतो. परंतु वरच्या गणिताने अकराला थांबलेल्या दीड क्वार्टरचा निचरा सकाळी साडेनऊ-दहापर्यंत चालू असतो, म्हणून आठ वाजता कोल्हापूरला मोटरसायकलवर निघणाऱ्याला चहा पाजून निरोप देणे चूक आहे. पेज, पाणी, दुपारचे जेवण, आणि मग निघणे. सकाळी खोकल्याबरोबर ताप आला, धाप लागली, डोकेदुखी वाढत गेली किंवा तो पुन्हा गुंगू लागला तर दवाखाना टाळू नये. श्वासनलिकेत गेलेली उलटी किंवा डोक्यातला रक्तस्राव अशा वेळी उशिरा प्रकट होतो.

दारू कोठून आली हे कोणालाच नीट सांगता येत नसेल, हातभट्टीची किंवा सुटी आणलेली असेल, तर मिथेनॉलचा विचार करावा लागतो. त्याची लक्षणे बऱ्याचदा 12 ते 24 तासांनी दिसतात : पोटात कळा, जोरजोरात श्वास, आणि डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरा पडदा आल्यासारखे वाटणे. हँगओव्हर म्हणून त्यावर आणखी एक पेग दिला जातो, आणि तेवढ्यात दृष्टी जाण्याची वेळ येते. एकाला जरी अंधुक दिसू लागले तरी त्याच बाटलीतून प्यालेल्या सर्वांनी, ज्यांना काहीच होत नाही त्यांनीही, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात जावे आणि उरलेली दारू ओतून न टाकता बाटली बूच लावून बरोबर न्यावी.